मीटिंग रूममधली घुरघुर: एएचयू रूमचा आवाज शोधताना

एसीच्या आवाजाच्या कामात नवीन असाल तर पहिलं सांगणं हेच की, आवाज कुठल्या वाटेने येतोय हे ठरवल्याशिवाय सायलेन्सर, म्हणजे हवेच्या वाटेत बसवायचा आवाज शोषणारा खोका, मागवू नका.

बडोद्यात अलकापुरीतल्या एका ऑफिसात एएचयू रूमला, म्हणजे सेंट्रल एसीची हवा खेळवणारा मोठा पंखा असलेल्या खोलीला, लागूनच मीटिंग रूम होती. पंखा सुरू झाला की टेबलावर ठेवलेल्या तळहातालाही घुरघुर कळायची. मीटरवर एकूण आवाज साधारण 44 डीबीए, म्हणजे वरवर पाहता फार नाही. पण अशा खोलीसाठी आपण एनसी-30 ही आवाजाची मर्यादा धरतो आणि एनसीमध्ये वारंवारतेच्या प्रत्येक पट्टीची मर्यादा वेगळी असते. 125 हर्ट्झला ती 48 डेसिबल आहे, इथे मिळाले 58. पंखा 900 आरपीएमचा, म्हणजे सेकंदाला 15 फेरे, आणि पाती 9. गुणाकार 135 हर्ट्झ, तो 125 च्याच पट्टीत पडतो. म्हणजे आवाज पंख्याचाच.

सप्लाय डक्टला सायलेन्सर होता. रिटर्नला मात्र डक्टच नव्हता: फॉल्स सीलिंगच्या वर भिंतीला मोठं भोक, तिथून हवा थेट एएचयू रूममध्ये. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे आणि आवाजाला त्याहून सोपी वाट नाही. आम्ही ते भोक थोडा वेळ प्लाय आणि रॉकवूलने बंद केलं. पंख्याला हवा मिळावी म्हणून एएचयू रूमचं पॅसेजकडचं दार उघडं ठेवलं. 125 हर्ट्झचा आकडा 51 वर आला. बराचसा आवाज भोकातूनच येत होता, पण सगळा नाही.

उरलेला जमिनीतून येत होता. एएचयू ज्या स्प्रिंगवर उभा होता, त्या वजनाखाली 25 मिलिमीटर दबणाऱ्या होत्या. 15.8 भागिले दबण्याचं वर्गमूळ, म्हणजे त्यांची स्वतःची वारंवारता सुमारे 3.2 हर्ट्झ. हिशेबाने पंख्याच्या 15 हर्ट्झच्या हादऱ्याचा जेमतेम 5 टक्के भाग स्लॅबमध्ये उतरायला हवा. मग गडबड कुठे? मिस्त्रीकाकांनी फ्रेमखालून पातळ पत्र्याची पट्टी सरकवली, ती एका कोपऱ्यात अडकली. "साहेब, इथे मसाला राहिलाय." प्लिंथच्या प्लास्टरचा गोळा फ्रेमला टेकला होता. तेवढ्याने त्या कोपऱ्यातली स्प्रिंग निकामी झाली होती.

गोळा फोडला. भोकात 125 हर्ट्झला 12 डेसिबल कमी करणारा सायलेन्सर बसवला, तोही नेमका भिंतीच्या जाडीत. एएचयू रूमच्या आत, भिंतीच्या अलीकडे बसवला असता तर सायलेन्सर आणि भिंत यांच्यामधल्या डक्टच्या पत्र्यातून आवाज पुन्हा आत शिरला असता. शेवटचं माप 47.

हा सायलेन्सर निवडताना त्याचा दाब किती पडतो, हे पंख्याच्या स्टॅटिक प्रेशरमधून आधीच वजा करून पाहिलं होतं. तो हिशेब राहिला की हवा कमी पडते, मग साइटवर कोणीतरी पुली बदलून पंख्याचा वेग वाढवतं आणि कमी केलेला आवाज परत येतो.