कॉल बॅकस्प्रेड लावण्यापूर्वीची तयारी: बाहेर पडण्याची तारीख आधी लिहा

कॉल बॅकस्प्रेडची रचना जाणणाऱ्यांसाठी ही यादी आहे: खालच्या स्ट्राइकचा एक कॉल विकायचा आणि त्याच एक्सपायरीचे वरच्या स्ट्राइकचे दोन कॉल घ्यायचे. मार्जिन किती लागेल आणि दोन्ही स्ट्राइकवर पुरेसे व्यवहार होतात का, हे पाहिलेले असेलच.

पहिले काम कागदावरचे. समजा, शेअरचा भाव 100 आहे आणि एक्सपायरीला 60 दिवस आहेत. 100 चा एक कॉल 5 ला विकला आणि 110 चे दोन कॉल प्रत्येकी 2 ला घेतले, तर 1 हातात उरतो. एक्सपायरीला भाव 100 च्या खाली राहिला, तर हा 1 आपलाच. 130 ला गेला, तर विकलेल्या कॉलवर 30 जातात, घेतलेल्या दोन कॉलवर 40 मिळतात आणि एकूण 11 चा नफा होतो. भाव नेमका 110 वर थांबला, तर मात्र विकलेला कॉल 10 नेतो, घेतलेले दोन्ही कॉल शून्यावर जातात आणि 9 चा तोटा होतो. तोटा यापेक्षा वाढत नाही, पण तो भरून निघायला भाव 119 पर्यंत जावा लागतो. म्हणजे 101 ते 119 हा सगळा मृत पट्टा आहे आणि साधारण, समाधानकारक म्हणावी अशी तेजी नेमकी याच पट्ट्यात येऊन थांबते. आपला अंदाज 10 टक्क्यांच्या वाढीचा असेल, तर ही रचना लावूच नये. साधा कॉल घ्यावा.

आता बाहेर पडण्याची तारीख. मागच्या वेळी माझ्या कागदावर हीच नोंद नव्हती, म्हणून ती सौदा टाकण्यापूर्वी, आकड्यांच्या शेजारीच लिहावी. कारण मृत पट्टा पहिल्या दिवशी जवळजवळ दिसतच नाही. भाव सौद्यानंतर लगेच 110 ला गेला, तर घेतलेल्या कॉलमध्ये अजून भरपूर वेळेचे मूल्य असते आणि सौदा शून्याच्या आसपास राहतो. व्होलॅटिलिटी तशीच राहिली आणि निम्मा काळ सरल्यावर भाव त्याच 110 वर असला, तर तोटा सुमारे 2 असतो. शेवटचा आठवडा उरला असताना सुमारे साडेपाच. आणि एक्सपायरीला 9. शेअर जागचा हललेला नसतो, तरी एकट्या शेवटच्या आठवड्यात साडेतीनच्या आसपास जातात. म्हणून निम्मा काळ संपण्याची तारीख लिहावी, आणि त्या दिवशी भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये किंवा वरच्या स्ट्राइकच्या थोडा पुढे रेंगाळत असेल, तर सौदा बंद करावा. ‘आणखी दोन दिवस पाहू’ हा विचार याच टप्प्यावर येतो आणि तो महाग पडतो. भावाची पातळी ठरवणे पुरेसे नाही, तारीखच हवी.

इम्प्लाइड व्होलॅटिलिटी आधीच फुगलेली असताना, उदाहरणार्थ निकालाच्या आदल्या दिवशी, हा सौदा टाळावा. निकाल लागल्यावर ती कोसळते, घेतलेल्या दोन कॉलमधले वेळेचे मूल्य एका रात्रीत आटते, आणि निम्मा काळ शिल्लक असूनही सौदा शेवटच्या आठवड्यात असल्यासारखा वागू लागतो.

सुरुवातीला पैसे हातात आलेच पाहिजेत, हा हट्टही तपासून पाहावा. त्याच शेअरवर 110 ऐवजी 105 चे दोन कॉल प्रत्येकी 3 ला घेतले, तर 1 खिशातून जातो आणि शेअर पडल्यास तो परत येत नाही. पण सर्वाधिक तोटा 9 वरून 6 वर येतो आणि वरची सीमा 119 ऐवजी 111 वर येते. तेजीवर खरोखर विश्वास असेल, तर मला हाच सौदा अधिक पटतो. तारखेची अट मात्र यालाही लागू आहे.

सौदा टाकताना तिन्ही कॉल एकाच ऑर्डरमध्ये टाकावेत. ती सोय नसेल, तर खरेदी आधी. विकलेला कॉल एक्सपायरीपूर्वी वापरता येण्याजोगा असेल, तर लाभांशाची तारीख पाहून ठेवावी, कारण त्याच्या आदल्या दिवशी शेअर देण्याची जबाबदारी अंगावर येऊ शकते.

बाकी थोडेच. भाव 119 च्या पुढे सुटला, तर विकलेला कॉल आणि घेतलेल्यांपैकी एक अशी जोडी बंद करून दुसरा चालू ठेवता येतो. लिहिलेली तारीख आली आणि भाव पट्ट्यातच असला, तर सगळे बंद करावे, आणि तेही आधी विकलेला कॉल परत घेऊन. घेतलेले दोन्ही कॉल आधी विकले, तर उरलेल्या उघड्या कॉलचा तोटा मर्यादित राहत नाही.