तीन मिनिटांच्या बातमीपत्राची संहिता लिहायला बसण्यापूर्वी

लेखणी हाती घेण्यापूर्वी 180 सेकंदांचा हिशेब कागदावर मांडलेला असावा. ठळक बातम्यांना 15, समारोपाला 5 आणि दोन बाइटना, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेल्या व्यक्तींच्या छोट्या तुकड्यांना, मिळून 30 सेकंद दिले, तर निवेदनाला 130 सेकंद उरतात. सेकंदाला दोन शब्द धरल्यास साधारण 260 शब्द होतात. परंतु मराठीतील प्रत्ययांनी लांबलेले शब्द हा अंदाज सहज चुकवतात, म्हणून जो निवेदक बातमीपत्र वाचणार आहे त्याच्याकडूनच एक परिच्छेद वाचून घेऊन त्याची गती मोजावी. एवढ्या वेळात तीन-चार बातम्याच नीट सांगता येतात.

त्यानंतर हाती आलेले चित्रीकरण पूर्ण पाहावे आणि प्रत्येक दृश्य किती सेकंद टिकते, याची नोंद करावी. न पाहिलेल्या दृश्यांवर लिहिलेले निवेदन संकलनाच्या वेळी हमखास अडते. समजा, पूर आल्याने पूल बंद झाल्याची बातमी आहे. पुलाला टेकलेले पाणी 4 सेकंद, अडथळे लावणारे पोलीस 5 सेकंद आणि थांबलेल्या वाहनांची रांग 4 सेकंद, एवढी दृश्ये मिळाली आहेत. ‘नदीने धोक्याची पातळी ओलांडल्याने पुलावरील वाहतूक पर्यायी मार्गाने वळवण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला आहे’ हे वाक्य छापील बातमीत चालते. ऐकणाऱ्याला मात्र शेवटच्या क्रियापदापर्यंत सगळे ध्यानात धरून ठेवावे लागते, कारण त्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही.

म्हणून पानाचे दोन रकाने करावेत, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे निवेदन. पाण्याच्या दृश्यासमोर ‘नदीने धोक्याची पातळी ओलांडली आहे’ आणि पोलिसांच्या दृश्यासमोर ‘प्रशासनाने पूल वाहतुकीसाठी बंद केला आहे’ असे लिहावे. वाहनांच्या रांगेसमोर ‘वाहतूक वळवण्यात आली आहे’ असे लिहिण्याचा मोह होतो, तो आवर्जून टाळावा. वाहने थांबलेली दिसत असताना ती वळवल्याचे ऐकू आले, तर प्रेक्षक डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि ते वाक्य वाया जाते. तेथे ‘पहाटेपासून वाहने अडकली आहेत’ हे शोभते. पर्यायी मार्गाचे वाक्य नकाशाच्या ग्राफिकसाठी राखावे. जे स्पष्ट दिसते त्याचे वर्णन करण्यापेक्षा जे दिसत नाही ते, म्हणजे केव्हापासून आणि कोणाच्या आदेशाने, हे सांगावे. जुने चित्रीकरण वापरायचे असल्यास पडद्यावर ‘संग्रहित’ अशी पट्टी देण्याची सूचना डाव्या रकान्यात आधीच लिहिलेली असावी.

बाइटमधील व्यक्ती जे बोलणार आहे, तेच तिच्या आधीच्या निवेदनात आलेले नाही, हे तपासावे. शेवटी संहिता दृश्यांसह मोठ्याने वाचून वेळ मोजावी आणि ऐनवेळी वेळ कमी पडल्यास कोणते वाक्य गाळायचे, त्यावर खूण करून मगच ती निवेदकाकडे द्यावी.