रब्बीचं पहिलं पाणी आणि सकाळी देऊन संध्याकाळी आणलेली मोटर

सोयाबीन निघालं की इंदूरच्या आसपास, सांवेर-देपालपूरकडे, विहिरींवरच्या मोटरी एकदम चालू होतात आणि तशाच पटापट जळतात. गव्हाला 20-21 व्या दिवशी मुकुटमुळं फुटतात. ते पाणी हुकलं की फुटवे कमी पडतात. म्हणून जळलेल्या मोटरीत नवी तार आत्ताच भरून घ्या, पेरणीनंतर नको.

इतर कामं: फूटव्हॉल्व्ह साफ करणे, स्टार्टरचे पॉइंट घासणे, ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरील अँपिअरवर लावणे, अर्थिंग पाहणे.

आता मुख्य गोष्ट. एका शेतकऱ्याची 5 एचपीची मोनोब्लॉक सकाळी दुकानात गेली आणि संध्याकाळी भरून परत आली. लसणाला दुसरं पाणी देतानाच जळाली. दुकानदार म्हणाला, लाइटचा दोष. स्टेटर, म्हणजे ज्याच्या खाचांत तार भरतात तो न फिरणारा लोखंडी भाग, उघडला तर एकाच खाचेतली कॉइल काळी, बाकी तार चकचकीत. एक फेज गेला असता तर अख्ख्या फेजच्या सगळ्या कॉइली काळ्या पडल्या असत्या. इथे तारेवर तार घासून आतच शॉर्ट झाला होता. 50 हर्ट्‌झच्या लाइटवर तारा सेकंदाला शंभर वेळा थरथरतात, चालू करताना तर जोरात हिसका बसतो. व्हार्निश त्यांना एकमेकींना चिकटवून धरतं, ओल अडवतं आणि उष्णता लोखंडात पोचवतं. या मोटरीत ते वरूनच ओतलं होतं आणि उन्हात वाळवलं होतं.

दुकानदाराकडून एवढं करून घ्या. स्टेटर आधी 100-110 अंशांवर दोन-तीन तास तापवून ओल घालवायची. कोमट झाल्यावर व्हार्निशमध्ये पूर्ण बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढायचा नाही. मग अर्धा-एक तास निथळू द्यायचा. थिनरची वाफ उडू द्यायची, नाहीतर भट्टी पेट घेते आणि व्हार्निशला फोड येतात. शेवटी साधारण 120-130 अंशांवर सहा-आठ तास भाजायचा, पण डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळायचं. हवेवर वाळणारं व्हार्निश घेऊ नका, त्याची वर साय धरते आणि आत ओलंच राहतं. माझा अनुभव असा की बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीतलं भाजणंही उन्हापेक्षा बरं, फक्त रात्रभर ठेवायला हवं आणि गळतं व्हार्निश बल्बवर पडू द्यायचं नाही.

"इंपोर्टेड" लाल स्प्रेचे जादा पैसे देऊ नका. तो वरचा रंग आहे, खाचेत उतरत नाही.

मोटर घेताना कॉइलच्या टोकाला अंगठ्याने दाबा. तार हलली, नख रुतलं किंवा थिनरचा वास आला तर परत ठेवा. तारेचं इन्सुलेशन तपासणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरवर थंड स्टेटर 5 मेगओहमच्या खाली दाखवत असेल तरी नको. मात्र तारेतारेतला शॉर्ट मेगरला दिसत नाही, म्हणून अंगठा आधी.

पाणी भरलेल्या सबमर्सिबलला यातलं काही लागू नाही. तिची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते, तिला व्हार्निश लावत नाहीत. तिच्यासाठी कोणी भाजण्याचे पैसे मागितले तर देऊ नका.