अवकाळीनंतर बँकेत जाताना: एक नको, दोन अर्ज करा

सोसायटीचं दप्तर सांभाळताना मी बरेच अर्ज लिहून दिले. त्यातले निम्मे पहिल्याच ओळीत फसायचे: ‘अवकाळीने पीक गेले, तरी विमा मिळावा व कर्जाचे नूतनीकरण व्हावे.’ एका वाक्यात दोन मागण्या आल्या की कागद दोन टेबलांमध्ये अडकतो. म्हणून आधी दोन कोरे कागद घ्या.

उदाहरणादाखल परभणीकडचा 80 आर हरभरा धरू. पीककर्ज 40,000 रुपये, मुदत 30 जून. मार्चच्या सुरुवातीला दोन रात्री पाऊस झाला, उभ्या पिकाचे घाटे काळे पडले आणि सोलून पाहिलं तर आत दाण्याला मोड.

पहिला कागद विम्याचा. भरपाई बँक देत नाही, विमा कंपनी देते. त्यामुळे ‘विमा द्यावा’ असं बँकेला लिहून उपयोग नाही. कर्जदाराचा विम्याचा हप्ता मात्र बँकच कापते आणि पीक विमा योजनेच्या पोर्टलवर माहितीही तीच भरते. तेव्हा पासबुकात हप्ता वजा झाल्याची तारीख शोधा, विमा अर्जाचा क्रमांक मिळवा आणि अर्जात विचारा: माझा गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि गाव पोर्टलवर काय नोंदलं आहे, त्याची प्रत द्या. हरभऱ्याऐवजी गहू पडला असेल किंवा गाव चुकलं असेल, आणि ती चूक बँकेची असेल, तर योजनेच्या नियमांनुसार भरपाईची जबाबदारी बँकेवर येते. ही ओळ अर्जात जरूर घाला. सोबत सातबारा जोडा, पण त्याआधी त्यावरची पीक पाहणी वाचा. तिथे ‘पड’ असेल तर पुढचं सगळं लंगडं. खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही त्याच खिडकीवर विचारून घ्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 72 तासांत कळवलं की आपल्या शेताची वेगळी पाहणी होते, हे आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. खरीप 2025 पासून मात्र राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. म्हणजे शेजारच्या मंडळापेक्षा तुमच्या शेतात जास्त पाऊस झाला, एवढं पुरत नाही. प्रयोग पावसाआधीच उरकला असेल तर नुकसान त्या आकड्यात उतरणारही नाही. त्यामुळे आपल्या मंडळात प्रयोग कोणत्या तारखेला झाले, हे कृषी कार्यालयात विचारा. हक्क सांगायचा तर तारीख हातात हवी.

दुसरा कागद कर्जाचा, आणि इथे शब्द जपून वापरा. ‘नूतनीकरण’ लिहिलंत की साहेब नवं-जुनं करायला सांगतात: आधी सगळी बाकी भरा, मग नवीन उचला. पीक गेलेला माणूस ती बाकी दोन दिवसांसाठी सावकाराकडून आणतो. तुम्हाला हवं आहे ते ‘पुनर्गठन’: जुनं अल्पमुदतीचं कर्ज हप्त्यांच्या मुदत कर्जात बदलणं आणि पुढच्या हंगामासाठी नवीन पीककर्ज. अर्जात असं लिहा:

‘माझ्या 80 आर हरभऱ्याचे पंचनाम्यानुसार 60 टक्के नुकसान झाले आहे. मुदत 30 जून असून परतफेड शक्य नाही. सदर पीककर्जाचे मुदत कर्जात पुनर्गठन करावे व खरिपासाठी नवीन पीककर्ज मंजूर करावे.’

इथे मुख्य पुरावा पंचनामा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या सह्यांची प्रत घ्या, आणि त्यातला टक्का 33 किंवा अधिक आहे ना ते पाहा. त्याखाली ना सरकारी मदत, ना पुनर्गठन. गाव बाधित म्हणून जाहीर झालं नसेल तर शाखाधिकाऱ्यालाही काही करता येत नाही, म्हणून तहसीलमधून तो आदेश आणून जोडा. अर्ज मुदतीच्या आत पडला पाहिजे. खातं थकीत झाल्यावर गेलात तर तुमची बाजू कमजोर होते. आणि हे फुकट नाही: वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलत सुटते आणि पहिल्या वर्षानंतर व्याज नेहमीच्या दराने लागतं. बाकी थोडी असेल आणि घरातून निभत असेल, तर भरून मोकळं होणं स्वस्त पडतं. मी स्वतः पाच-दहा हजारांसाठी पुनर्गठन कुणाला सुचवलं नाही.

शेवटी एक वाक्य दोन्ही अर्जांत घाला: विम्याची किंवा मदतीची रक्कम माझ्या संमतीशिवाय कर्जात वळती करू नये.

दोन्हींच्या दोन-दोन प्रती न्या. पोच घेताना नुसता शिक्का चालवून घेऊ नका. आवक क्रमांक आणि तारीख काउंटरसमोर उभं राहूनच लिहून घ्या. विम्याच्या अर्जाला उत्तर आलं नाही आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालच्या तालुका समितीकडे जावं लागलं, तर तिथे पहिला प्रश्न त्या तारखेचाच येतो.