जोडीदाराला खरे वाटेल असे कौतुक कसे करावे आणि ते कसे स्वीकारावे

“तू फार चांगली आहेस” असे नवऱ्याने म्हणताच “काय काम काढलंय?” असा प्रश्न आला, तर त्यामागे बहुधा अनुभव असतो. गोड शब्दांमागून मागणी येते, हे तिने पाहिलेले असते. म्हणून ज्या दिवशी काही मागायचे आहे किंवा भांडण मिटवायचे आहे, त्या दिवशी कौतुक टाळावे आणि त्याला “पण” जोडू नये.

त्यानंतर डोळ्यांनी पाहिलेली एक घटना निवडावी. कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका जोडप्याची कल्पना करू. पंचगंगेचे पाणी वाढल्यामुळे सासूबाईंना शिरोळकडून घाईने आणावे लागले. काही दिवसांनी, घर शांत असताना नवरा म्हणतो, “मी नुसते फोन करत होतो, तू आधी आईच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत घातलीस. रात्री मला औषधासाठी धावावं लागलं नाही. गडबडीतही दुसऱ्याला काय लागेल ते तुला दिसतं.” काय घडले, त्याचा मला काय उपयोग झाला आणि त्यातून तुझा कोणता गुण दिसला, असा हा क्रम आहे. घटना तिला स्वतःला आठवत असल्यामुळे ती नाकारणे अवघड जाते. “तुझ्यासारखी जगात कुणी नाही” हे मात्र स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाला सहज खोटे वाटते.

तरीही ती म्हणेल, “त्यात काय एवढं, कुणीही केलं असतं.” येथे वाद घालू नये आणि स्तुती वाढवूही नये. “मला सुचलं नव्हतं” एवढे म्हणून विषय सोडावा.

ऐकणाऱ्याचे काम अधिक कठीण आहे, आणि माझ्या मते खरा फरक तेथेच पडतो. लगेच परतफेडीचे कौतुक करू नये. “तुमच्या लक्षात राहिलं, बरं वाटलं” एवढे पुरे. नंतर निवांतपणे स्वतःला विचारावे: यांना हे का आवडले असेल, आणि आमच्या नात्यात त्याचा अर्थ काय? मॅरिगोल्ड, होम्स आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आत्मसन्मान कमी असलेल्या ज्या व्यक्तींनी जोडीदाराच्या कौतुकाचा असा अर्थ लिहून काढला, त्यांना ते कौतुक आणि स्वतःचे नाते दोन्ही अधिक भक्कम वाटले, आणि हा परिणाम दोन आठवड्यांनंतरही दिसला. ज्यांनी केवळ शब्द आठवले, त्यांना तसा लाभ झाला नव्हता. म्हणून वहीत दोन ओळी लिहिणे उपयोगी ठरते.

“काय काम काढलंय?” हा प्रश्न कमी होऊ लागला किंवा तीच जुनी गोष्ट तिने स्वतःहून काढली, तर कौतुक पोहोचले असे समजावे. घरात अपमान किंवा मारहाण होत असेल, तर ही पद्धत वापरू नये. तेथे कौतुकावर अविश्वास दाखवणे रास्तच असते.