इंडक्शन घेण्याआधी मेन एमसीबीचा हिशेब कसा करावा: रत्नागिरीतल्या एका फ्लॅटचं उदाहरण

गणपतीला घरात दहा माणसं येणार म्हणून माझ्या बहिणीने रत्नागिरीच्या फ्लॅटसाठी २००० वॉटची इंडक्शन शेगडी घ्यायचं ठरवलं. "दादा, आमचा मेन घेईल ना एवढा लोड?" तिने फोनवर विचारलं. हे अंदाजाने सांगू नये. कागद-पेन घेतलं तर अर्ध्या तासात नेमकं उत्तर मिळतं.

आधी मेन एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडून सगळ्या घराची वीज तोडणारा स्विच, कोणता ते ओळखा. बहिणीने घरातली डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, उघडली आणि सांगितलं, "४० अँपिअरचा आहे." मी फोटो मागवला. त्या स्विचवर ३० एमए छापलेलं होतं आणि टेस्टचं छोटं बटण होतं. म्हणजे तो आरसीसीबी. वीज गळली, कुणाला शॉक बसू लागला तर तो पडतो. लोड जास्त झाला म्हणून पडत नाही. त्याच्या ४० वर हिशेब केला तर तो चुकतोच. खरा मेन एमसीबी खाली मीटरच्या खोलीत निघाला. त्यावर इंग्रजी सी हे अक्षर आणि त्याला जोडून ३२ होतं. आपला आकडा हाच, ३२ अँपिअर.

मग प्रत्येक उपकरणावरची वॉट छापलेली पट्टी वाचा. गिझरची बहुधा खालच्या बाजूला असते, फ्रिजची आत किंवा मागे. मान वाकडी करण्यापेक्षा मोबाइल आत सरकवून फोटो काढा. एसीवर इनपुट वॉटचे दोन-तीन आकडे असतील तर त्यातला सर्वांत मोठा धरा.

आता सगळ्या घराची बेरीज करू नका, सर्वांत गर्दीच्या तासाची करा. बहिणीकडे तो तास गणपतीच्या दिवशी सकाळचा. एकामागून एक आंघोळी चालल्यात म्हणून गिझर २०००, आईच्या खोलीतला एसी १६००, नारळ वाटायला मिक्सर ७५०, वॉशिंग मशीन ५००, चार पंखे ३००, फ्रिज २००, दिवे आणि मखराची रोषणाई १५०, टीव्ही १००. एकूण ५६०० वॉट. मोदकांच्या उकडीसाठी इंडक्शनचे २००० त्यात मिळवले की ७६००.

वॉटला २३० व्होल्टने भागलं की अँपिअर येतात. ७६०० भागिले २३० म्हणजे ३३. मेन ३२ चा.

इथे बरेच जण म्हणतात, एकानेच तर जास्त आहे, पडला तर पडेल. अडचण अशी की तो पडणारच नाही. घरगुती एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत निदान तासभर तरी पडत नाही. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरपर्यंत गप्प बसू शकतो, आणि तेवढा वेळ वायर आणि स्क्रू तापत राहतात. आपल्याकडे खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो, जोड सैल झाला की तापतो तो तिथेच. म्हणून मी ८० टक्क्यांवर थांबतो. ३२ चे ८० टक्के म्हणजे साधारण साडेपंचवीस अँपिअर.

बहिणीला एवढंच सांगितलं की आंघोळी उरकेपर्यंत एसी बंद. १६०० वजा झाले, उरले ६०००, म्हणजे २६ अँपिअर. हे किंचित वर आहे, पण त्यातला मिक्सर पाच-दहा मिनिटंच चालतो. तो थांबला की २३ च्या आत. हे चालतं. मे महिन्यातल्या संध्याकाळी एसी असतो पण गिझर, मिक्सर आणि वॉशिंग मशीन नसतं, तेव्हा इंडक्शन धरूनही १९ च्या आसपासच येतं.

बेरीज बसत नसेल तर वायरमनला "४० चा टाकून दे" असं कधीही सांगू नका. एमसीबी वायरीच्या जाडीला साजेसा निवडलेला असतो. वायर तीच ठेवून मोठा बसवला तर एमसीबीच्या आधी वायर जळेल. अशा वेळी मीटरपासून घरापर्यंतची वायर तपासून घ्या आणि वीजबिलावरचा मंजूर भार बघा. तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागतो.

मेन पुरेसा निघाला तरी ओट्याचं सॉकेट वेगळं बघायचं. २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, त्याला १६ अँपिअरचं जाड भोकांचं सॉकेटच हवं. ६ च्या सॉकेटला अ‍ॅडाप्टर लावून शेगडी चालवू नये. या सॉकेटच्याच एमसीबीवर मायक्रोवेव्ह असेल तर दोन्ही एकदम लावू नका. पहिल्या दिवशी वीस मिनिटं शेगडी चालवा, मग बटण बंद करून प्लग काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, पिना काळवंडल्या असतील किंवा जळका वास येत असेल, तर सॉकेट बदलेपर्यंत शेगडी तिथे लावू नका.