वळवाचं पाणी विहिरीत घेऊ नका

रोहिणी लागायला थोडेच दिवस आहेत आणि वळीव कधीही कोसळेल. ज्यांनी बांधावरून किंवा ओढ्यातून विहिरीकडे चारी काढून ठेवली आहे, त्यांनी पुढचं वाचण्याआधी तिच्या तोंडाशी चार घमेली माती टाकून ती बंद करावी. उन्हात तापून भुगा झालेली रानातली माती वळवाचं पाणी धुऊन आणतं. वर्षभरात इतकं गढूळ पाणी दुसरं नसतं, आणि नेमकं तेच आपण मोठ्या हौसेने विहिरीत सोडतो.

सिन्नरच्या पूर्वेकडच्या एका अण्णांची विहीर गेल्या उन्हाळ्यात उतरून पाहिली. २० फूट व्यासाची, ४५ फूट खोल. दोन पावसाळे त्यांनी ओढ्याचं पाणी सरळ आत घेतलं होतं. पहिल्या वर्षी जुलैतच विहीर काठोकाठ भरली, अण्णांनी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच मोटर हवा ओढायला लागली. पूर्वी संध्याकाळी विहीर उपसली की सकाळपर्यंत ६ फूट पाणी चढायचं, म्हणजे साधारण ५० हजार लिटर. आता जेमतेम २ फूट चढत होतं. तळात ४ फूट गाळ निघाला. तो यारीने काढला, पण झरे परत पहिल्यासारखे चालले नाहीत. झऱ्याच्या फटीत पहार घातली तर आतून लोण्यासारखी काळी माती आली.

असं का होतं ते समजून घ्या. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि फटींत. ही साठवण मुळात थोडी. पावसाळा संपला की काही पाणी ओढ्यानाल्यांना वाहून जातं, काही आपण कांदा-गव्हाला उपसतो, काही शेजारची खोल बोअर ओढते. म्हणून मार्चपासून पातळी घसरते. विहीर स्वतः फार पाणी साठवत नाही, ती या खडकाचं नुसतं तोंड आहे. आणि झरा दोन्हीकडे चालतो. उन्हाळ्यात खडकातून विहिरीत, आणि पावसाळ्यात विहिरीची पातळी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा वर गेली की विहिरीतून खडकात. पुनर्भरण म्हणजे हेच उलटं वाहणं. त्या वेळी पाणी गढूळ असेल तर माती फटीत खोलवर जाऊन बसते, जिथे फावडं पोचत नाही.

यावरून एक खूण सांगतो. भरलेली विहीर पाऊस उघडल्यावर एक-दोन रात्रींत चार-पाच फूट उतरली की लोक हळहळतात, "पाणी पळालं" म्हणतात. अहो, ते खडकात गेलं, त्यासाठीच तर सगळा खटाटोप! काळजी कधी करायची? आपली विहीर पिंपासारखी भरून तशीच उभी राहिली आणि शेजाऱ्याची पातळी खाली असली, तर. दोघांच्याही विहिरी सारख्याच वर असतील तर जमीनच भरली आहे, हरकत नाही.

आता गाळण. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत. चारीचं पाणी आधी एका छोट्या टाकीत पडू द्यायचं, साधारण दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. जड गाळ इथे बसतो. तिथून ते गाळणखड्ड्यात जातं. हा खड्डा विहिरीपासून २ ते ३ मीटर अंतरावर, २ मीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल घ्यावा. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग खडी आणि सगळ्यात वर जाड वाळू, प्रत्येक थर एक फुटाचा. तळातून ४ इंची पाईप विहिरीत काढायचा आणि त्याचं तोंड काठापासून दीड फूट आत ठेवायचं. पाईप काठाशीच संपवला तर धारेने मुरमाची बाजू ढासळते. वाळू धुतलेलीच घाला. खडी आणि वाळूच्या मध्ये जुनी शेडनेट अंथरली तर वाळू खाली सरकत नाही.

हे सगळं बांधतात पुष्कळ जण. दुसऱ्या पावसानंतर त्याच्याकडे ढुंकून कोणी पाहत नाही, आणि नुकसान तिथेच होतं. वाळूवर बोटभर साय धरते, पाणी खाली उतरेनासं होतं, मग कोणीतरी वैतागून शेजारून चारी खोदतो आणि पाणी सरळ विहिरीत! ती साय प्रत्येक मोठ्या पावसानंतर वरच्या दोन इंच वाळूसकट खरवडून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पाणी कधी घ्यायला लागायचं, याचा माझा अंदाज बाटलीचा आहे. चारीतलं पाणी काचेच्या बाटलीत भरून पाव तास ठेवा. पलीकडचं बोट दिसलं तर चारी उघडा, नाही तर तो पाऊस वाहून जाऊ द्या. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण मला अजून दगा दिलेला नाही. पाणी वाया जाण्याची भीती नको. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर. त्यातला चौथा हिस्सा वाहून आला तरी २० फुटी विहिरीत जवळपास ३ फूट चढतं. चार एकरांचा उतार असेल तर दोन-तीन निवळ पाऊस पुरतात.

भारी काळ्या रानात मात्र बाटली दिवसभरही निवळत नाही. ती चिकणमाती वाळूतूनही पार होते. तिथे नांगरटीचं पाणी घेऊच नका, गवताच्या पडीतून किंवा मुरमाड माळावरून येणारं घ्या. तसं नसेल तर विहिरीच्या वरच्या अंगाला ओढ्यात डोह खोदून पाणी आपोआप मुरू द्या. कपाशी-कांद्याच्या फवारलेल्या रानाचं, गोठ्याचं किंवा उकिरड्याचं पाणी पिण्याच्या विहिरीत कधीच नको.

दुकानात तयार फिल्टरचे पिंप मिळतात. ओढ्याच्या लोंढ्यापुढे त्याचा जीव किती? घराच्या पत्र्याच्या पाण्याला ठीक आहे. आडव्या बोअरचा आग्रहही याच दिवसांत होतो. आधी गाळ काढा, एका रात्रीत किती पाणी चढतं ते मोजा, मग बोअरवाल्याशी बोला. झरे मातीने बुजलेले असताना आडवं बोअर मारणं म्हणजे बहुतेक वेळा पैशाचा धूर.

बाकीची कामे:
– पाणी तळाला असतानाच गाळ काढणे. काढलेला गाळ काठावर न ठेवता रानात टाकणे
– काठावरची झुडपे मुळासकट काढणे
– विहिरीत डिझेल इंजिन चालले असेल तर कोणालाही खाली न उतरवणे. त्या धुरात दिवा विझत नाही, माणूस मात्र जातो
– पिण्याच्या विहिरीत दर १००० लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल. २० फुटी विहिरीत १० फूट पाण्याला साधारण २२० ग्रॅम, बादलीत कालवून वरचे निवळ पाणी ओतणे, तासाभराने वापर
– आतल्या भिंतीवर फुटाफुटाला रंगाच्या खुणा करून मे आणि ऑक्टोबरची पातळी वहीत लिहिणे

गाळणखड्डा अजून खोदलेला नसेल तर यंदा घाईघाईने अर्धवट करू नका. चारी बंदच ठेवा आणि खड्डा झाल्यावर श्रावणातल्या निवळ पाण्यावर उघडा.